चव्वेचाळीस कनेक्शनचे पैसे किती?

जून महिन्यात ४४ ब्रॉडबँड कनेक्शन चालू करून देणाऱ्या फील्ड एक्झिक्युटिव्हला इन्सेंटिव्ह किती मिळायला हवा? कंपनीची कमिशन योजना वाचून एक जण ११,००० रुपये म्हणतो, तर दुसरा ७,१०० रुपये. दोघंही एकाच कलमावर बोट ठेवतात आणि दोघांचीही बेरीज-गुणाकार बरोबर असतो. मधले ३,९०० रुपये हरवतात ते गणितात नव्हे. दर नेमका कशाला लावायचा, हे कलमात लिहायचंच राहून गेलेलं असतं.

ही योजना इथे समजावून सांगण्यासाठी रचलेली आहे आणि आकडे मोजायला सोपे घेतले आहेत. मात्र तिच्यातल्या कलमांचे नमुने ब्रॉडबँडपासून विमा, कर्जवाटप आणि क्रेडिट कार्डापर्यंत सगळीकडे दिसतात. महिन्याचा कोटा ४० कनेक्शनचा. कोट्याच्या ७० टक्क्यांखाली काम झालं तर कमिशन शून्य. ७० टक्के गाठले पण १०० गाठले नाहीत, तर कनेक्शनमागे १५० रुपये. १०० टक्क्यांपासून पुढे २५० रुपये आणि १२५ टक्क्यांपासून ३५० रुपये. शिवाय एक अट : ग्राहकानं ९० दिवसांच्या आत कनेक्शन बंद केलं किंवा दुसरं बिल भरलंच नाही, तर दिलेलं कमिशन परत घेतलं जाईल. याला योजनेत क्लॉबॅक म्हणतात आणि फील्डवरची माणसं सरळ ‘रिकव्हरी’ म्हणतात.

इतकंच असेल तर ते एका पानावर मावायला हवं. प्रत्यक्षात अशी योजना दहा-पंधरा पानांची असते, कारण ती लिहिताना वित्त आणि विधी विभागाच्या डोळ्यांसमोर ऑडिटर आणि वकील असतो. कोटा एका कलमात, त्याची व्याख्या शेवटच्या परिशिष्टात, अपवाद तिसऱ्याच ठिकाणी. सातपूर-सिडकोच्या सोसायट्यांमधून दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाला मात्र एवढंच हवं असतं की या महिन्यात हातात किती पडणार आणि त्यातलं परत किती जाऊ शकतं. म्हणून योजनेतून कोटा, स्लॅब आणि वसुलीचे नियम वेगळे काढून एका पानाचं कमाईपत्रक करण्याचं काम सेल्स ऑपरेशन्स किंवा एचआरमधल्या कुणाकडे तरी येतं. वरवर ते काम भाषांतराचं वाटतं. हात घातल्यावर कळतं की ते शोधकाम आहे.

विक्रेत्याला ठरलेला इलाका आणि ठरलेला कोटा देण्याची पद्धत रुजवण्याचं श्रेय बहुधा जॉन पॅटरसन यांना दिलं जातं. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन शहरात १८८४मध्ये त्यांनी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी उभी केली आणि गल्ल्याची यंत्रं विकणाऱ्यांची शिस्तबद्ध फौज तयार केली. तिथेच घडलेल्या थॉमस वॉटसन यांनी पुढे आयबीएममध्ये हाच शिरस्ता नेला. तेव्हापासून एक गोष्ट बदललेली नाही : कोटा म्हटलं की पहिला वाद ‘किती’चा नसतो, ‘काय मोजायचं’ याचा असतो.

मोजमाप कुठल्या दिवसाचं?

ब्रॉडबँडच्या एका विक्रीला किमान चार तारखा असतात. ग्राहकानं होकार दिला आणि ॲपमध्ये ऑर्डर टाकली, ती पहिली. टेक्निशियननं वायर ओढून राउटर बसवला, ती दुसरी. सिस्टिममध्ये कनेक्शन ‘ॲक्टिव्ह’ दिसलं, ती तिसरी. ग्राहकाचं पहिलं पेमेंट जमा झालं, ती चौथी. प्रतिनिधीच्या ॲपवर पहिली तारीख दिसते. पगाराची शीट बहुतेक वेळा तिसऱ्या किंवा चौथ्या तारखेवर चालते.

त्यामुळे २९ जूनला घेतलेली आणि ३ जुलैला चालू झालेली ऑर्डर जुलैच्या खात्यात जाते. पावसाळ्यात हा फरक वाढतो. शहरांमध्ये या दिवसांत रस्तेखोदाईवर बंदी असते, केबल तुटली तर जोडायला वेळ लागतो, इमारतीच्या गच्चीवर काम करता येत नाही. ॲपवर ४४ ऑर्डर पाहून खूश झालेल्या माणसाच्या पगारपत्रकात ३८ कनेक्शन निघाली, की ‘कंपनीनं सहा खाल्ली’ अशी बोलाचाली सुरू होते. खरं तर ती सहा पुढच्या महिन्यात मोजली जाणार असतात. पण ४० चा उंबरा जूनमध्ये हुकलेला असतो, हेही खरंच.

म्हणून कमाईपत्रकाची पहिली ओळ रुपयांची नसावी, तारखेची असावी : ‘कनेक्शन सिस्टिममध्ये ॲक्टिव्ह झालं, त्या तारखेचा महिना धरला जातो. ऑर्डरची तारीख धरली जात नाही.’ हे वाक्य मूळ योजनेच्या कलमात सापडत नाही. ते शेवटच्या पानावरच्या ‘पात्र विक्री’च्या व्याख्येत असतं. त्यामुळे अनुभवी माणूस योजना मागून वाचायला घेतो. आधी व्याख्या, मग अपवाद, आणि शेवटी दरांचं कोष्टक.

कोट्याबद्दल दुसरी खातरजमा टक्क्यांची. योजनेत ७०, १००, १२५ टक्के लिहिलेलं असतं, पण दारोदार फिरणारा माणूस टक्के मोजत नाही, कनेक्शन मोजतो. ४० च्या कोट्याला हे आकडे सुबक येतात : २८, ४० आणि ५०. कोटा ४५ केला की ७० टक्के म्हणजे साडेएकतीस. मग उंबरा ३१ चा की ३२ चा? योजनेत पूर्णांकाचा नियम नसेल तर तो विचारून घ्यावा लागतो. महिन्याच्या १६ तारखेला रुजू झालेल्याचा कोटा निम्मा, म्हणजे २० होतो का, आणि झाला तर त्याच्या स्लॅबही निम्म्या होऊन १४, २० आणि २५ वर येतात का, हा त्याच जातीचा प्रश्न. यांची उत्तरं पत्रक लिहिणाऱ्यानं मनानं ठरवायची नसतात.

स्लॅब : सगळ्यांना की फक्त वरच्यांना?

आता ४४ कडे येऊ. महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या १०० युनिटना एक दर असतो, १०१ ते ३०० ला दुसरा. १०१ वं युनिट जळलं म्हणून आधीची शंभर महाग होत नाहीत. कमिशनच्या स्लॅब याच तऱ्हेनं चालत असतील, तर पहिल्या ३९ कनेक्शनचे १५० रुपयांनी ५,८५० आणि ४० ते ४४ या पाच कनेक्शनचे २५० रुपयांनी १,२५० होतात. एकूण ७,१०० रुपये.

पण पुष्कळ कमिशन योजना अशा नसतात. त्यांत उंबरा ओलांडला की नवा दर पहिल्या कनेक्शनपासून सगळ्यांना लागतो. ४४ गुणिले २५०, म्हणजे ११,००० रुपये. कलमात ‘कोटा पूर्ण झाल्यास कनेक्शनमागे २५० रुपये’ एवढंच लिहिलं असेल, तर दोन्ही अर्थ निघतात.

खरं उत्तर बहुतेक वेळा पगाराच्या एक्सेल शीटमध्ये आधीच बसलेलं असतं. म्हणून योजना वाचून झाली की पत्रक लिहिणाऱ्यानं पेरोलकडून सूत्र मागून घ्यावं. B2 या घरात त्या महिन्याची पात्र कनेक्शन असतील, तर ते साधारण असं दिसेल :

```
=IF(B2<28,0,IF(B2<40,B2*150,IF(B2<50,B2*250,B2*350)))
```

इथे प्रत्येक पायरीवर अख्ख्या B2 ला दरानं गुणलं आहे, त्यातून आधीची ३९ वजा केलेली नाहीत. म्हणजे या कंपनीत दर सगळ्या कनेक्शनना लागतो आणि ४४ चे ११,००० होतात. तरीही काम इथे संपत नाही. शीट एक सांगते आणि योजना दुसरं सुचवते असं दिसलं, तर योजनेच्या मालकाला, म्हणजे तिच्यावर सही करणाऱ्या सेल्स हेड किंवा वित्त प्रमुखाला, लेखी विचारावं लागतं. प्रश्न कलमाच्या अर्थाबद्दल मोघम विचारला तर उत्तरही मोघम येतं. ‘४४ कनेक्शनला ११,००० द्यायचे की ७,१००?’ असं विचारलं की एका ओळीत उत्तर येतं.

सगळ्यांना दर लागतो हे एकदा पक्कं झालं की कमाईचा आलेख जिन्यासारखा दिसू लागतो. २७ कनेक्शनला शून्य, २८ ला थेट ४,२०० रुपये. ३९ ला ५,८५० आणि ४० ला १०,०००. म्हणजे एकट्या चाळिसाव्या कनेक्शनची किंमत ४,१५० रुपये. ४९ ला १२,२५० आणि ५० ला १७,५००. पन्नासाव्याची किंमत ५,२५० रुपये. प्रतिनिधीला हे कळायलाच हवं, कारण २८ तारखेला ३८ वर असलेल्या माणसानं पुढचे दोन दिवस कुठे घालवावेत याचा निर्णय यावरच ठरतो.

याची दुसरी बाजूही आहे. २८ तारखेला ३३ वर असलेला माणूस हिशोब करतो की या महिन्यात ४० होत नाहीत, मग हातातल्या चार ऑर्डर जूनमध्ये १५० ला कशाला घालवायच्या? त्या जुलैत टाकल्या तर २५० चा भाव मिळू शकतो. तो ग्राहकाला ‘एक तारखेनंतर करू’ म्हणतो. उलट ३९ वर असलेला माणूस चाळिसाव्यासाठी शेजाऱ्याच्या नावानं कनेक्शन घेतो, किंवा पहिलं बिल स्वतःच्या खिशातून भरतो. दर वाढत जाणाऱ्या कमिशनचा असा परिणाम इयन लार्किन या संशोधकानं एका सॉफ्टवेअर कंपनीच्या विक्रीनोंदींमध्ये मोजला. २०१४मध्ये ‘जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स’मध्ये आलेल्या त्याच्या अभ्यासानुसार, विक्रेत्यांनी सौदे आपल्या स्लॅबच्या सोयीनं पुढेमागे सरकवल्यामुळे आणि त्यासाठी सवलती दिल्यामुळे कंपनीला उत्पन्नाच्या ६ ते ८ टक्क्यांची झळ बसत होती.

काही व्यवस्थापक म्हणून हे जिने पत्रकात दाखवायला कचरतात. त्याचा उपयोग होत नाही. टीममधल्या जुन्या माणसांना उंबरे तोंडपाठ असतात. अंधारात राहतात ते नुकते रुजू झालेले. उंबरा फार उंच झाला असेल तर तो योजनेत दुरुस्त करायचा असतो, पत्रकात झाकायचा नसतो.

परत जाणारे पैसे

सगळ्यात जास्त भांडणं वसुलीवरून होतात, आणि सगळ्यात कमी शब्दही तिच्यावरच खर्च केलेले असतात. अट मुळात अवाजवी नाही. राउटर, केबल आणि टेक्निशियनचा खर्च कंपनी पहिल्याच दिवशी करते आणि तो काही महिन्यांच्या बिलांतून वसूल होतो. ग्राहक महिन्याभरात निघून गेला तर विक्री तोट्यात जाते. आयुर्विम्यात पॉलिसी पटली नाही तर ग्राहकाला ३० दिवसांच्या ‘फ्री-लूक’ काळात ती परत करता येते आणि मग एजंटाचं कमिशनही परत जातं. कर्ज मुदतीआधीच लवकर फेडलं गेलं, तर ते मिळवून देणाऱ्याला दिलेली रक्कम परत मागण्याच्या अटी कर्जव्यवहारातही असतात.

प्रश्न असतो तो परत घेण्याच्या रीतीचा. जूनमध्ये ४४ कनेक्शन झाली, ११,००० रुपये जुलैच्या पगारात मिळाले आणि ऑगस्टमध्ये त्यातली पाच बंद पडली. आता किती कापायचे?

पहिली रीत सरळ आहे. ज्या दरानं दिले त्या दरानं परत घ्यायचे. पाच गुणिले २५०, म्हणजे १,२५० रुपये.

दुसऱ्या रीतीत जूनचा हिशोब नव्यानं मांडतात. ४४ मधून पाच गेली, उरली ३९. कोटा पूर्ण झालाच नाही असं धरून ३९ ना १५० चा दर लागतो आणि कमिशन ५,८५० ठरतं. दिले होते ११,०००, म्हणून परत घ्यायचे ५,१५० रुपये.

तिसऱ्या रीतीत जूनला हात लावत नाहीत. बंद पडलेली पाच कनेक्शन ऑगस्टच्या आकड्यातून वजा करतात. ऑगस्टमध्ये ४२ झाली असतील, तर मिळायला हवे होते १०,५०० रुपये. पाच वजा केल्यावर उरतात ३७, आणि त्यांचे १५० नं होतात ५,५५०. फटका ४,९५० रुपयांचा. वर प्रतिनिधीला वाटतं की ऑगस्टचं टार्गेटच हुकलं.

तीच माणसं, तीच पाच कनेक्शन, आणि वसुली १,२५० पासून ५,१५० पर्यंत. योजनेच्या कलमात मात्र बऱ्याचदा एवढंच असतं की ‘दिलेलं कमिशन समायोजित केलं जाईल’. पत्रक लिहिणाऱ्यानं इथे थांबावं, तिन्ही आकडे मांडावे आणि कुठला धरायचा हे लेखी मागावं. त्याचं उत्तर येईपर्यंत पत्रक छापू नये.

रीत ठरली की मुदत. ९० दिवस कधीपासून मोजायचे? ॲक्टिव्हेशनपासून मोजले तर २५ जूनला चालू झालेलं कनेक्शन २३ सप्टेंबरला सुरक्षित होतं. याचा अर्थ जूनचं कमिशन जुलैअखेर हातात येतं, पण पूर्ण पक्कं व्हायला सप्टेंबर संपावा लागतो. घरात फ्रिजचा हप्ता किंवा मुलाची फी या पैशांवर बेतलेली असेल, तर ‘मिळाले’ आणि ‘पक्के झाले’ यांतलं दोन महिन्यांचं अंतर पत्रकात ठळक दिसायला हवं.

त्यानंतर कारणं. ग्राहकानं घर बदललं आणि कनेक्शन नव्या पत्त्यावर हलवलं, तर जुना ग्राहक क्रमांक बंद होतो आणि सिस्टिमला ते कनेक्शन बंद पडल्यासारखं दिसतं. कंपनीचीच केबल पंधरा दिवस तुटलेली होती म्हणून ग्राहक वैतागून गेला, तरी नोंद तीच होते. हे अपवाद योजनेत असतील तर पत्रकात आणायचे; नसतील तर मागायचे, कारण प्रतिनिधीच्या हातात नसलेल्या गोष्टीचे पैसे त्याच्या खिशातून जाणं कुणालाच पटत नाही. फेब्रुवारीच्या विक्रीची वसुली मे महिन्यात आली तर कराचाही गुंता होतो. कमिशन एका आर्थिक वर्षात मिळालेलं असतं, त्यावर टीडीएस गेलेला असतो, आणि वसुली पुढच्या वर्षात होते. वसूल करायची रक्कम टीडीएसपूर्वीची की नंतरची, हे वित्त विभागाकडून वदवून घ्यावं.

नोकरी सोडताना

वसुलीचा खरा कस लागतो तो राजीनाम्याच्या वेळी. मागच्या तीन महिन्यांची सगळी कनेक्शन तेव्हा अजून ९० दिवसांच्या आत असतात. काही कंपन्या शेवटच्या महिन्यांचं कमिशन रोखून धरतात, काही पुढे बंद पडतील अशा कनेक्शनचा अंदाज बांधून अंतिम हिशोबातून कापतात.

देशात वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार नोकरी सुटल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं, आणि एका वेतनकाळातल्या एकूण कपाती वेतनाच्या ५० टक्क्यांपुढे नेता येत नाहीत. मात्र याच संहितेनं वेतनाच्या व्याख्येतून कमिशन बाहेर ठेवलं आहे. वगळलेल्या अशा घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. कमिशनवर जगणाऱ्या विक्रेत्याच्या बाबतीत ही निम्म्याची रेघ सहज ओलांडली जाऊ शकते. म्हणून ‘या महिन्यात कमिशन कमी आणि वसुली जास्त निघाली, तर उरलेली रक्कम मूळ पगारातून कापणार की पुढच्या कमिशनमध्ये ओढणार?’ हा प्रश्न पत्रक लिहिणाऱ्यानं विधी विभागाला विचारायचा असतो. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०१३ पासून कमिशनचा करार लेखी हवा, त्यात कमिशन मोजायची आणि द्यायची रीत हवी आणि सही केलेली प्रत कर्मचाऱ्याला द्यायला हवी, असा कायदाच आहे.

पानावर काय उतरतं

हे सगळं विचारून झालं की लिहिण्याला फार वेळ लागत नाही. समजा कंपनीनं उत्तर दिलं की दर सगळ्या कनेक्शनना लागेल आणि वसुली पहिल्या रीतीनं होईल. मग नमुन्याच्या योजनेचं पत्रक असं होतं :

*काय मोजतात :* ज्या महिन्यात कनेक्शन ॲक्टिव्ह झालं, तो महिना. ऑर्डरची तारीख धरत नाहीत.

*किती मिळतात :* २७ पर्यंत काही नाही. २८ ते ३९ झाली तर प्रत्येकी १५०. ४० ते ४९ झाली तर प्रत्येकी २५०. ५० किंवा जास्त झाली तर प्रत्येकी ३५०. दर महिन्यातल्या सगळ्या कनेक्शनना लागतो.

*उदाहरण :* २६ ला शून्य. ३५ ला ५,२५० रुपये. ४४ ला ११,००० रुपये.

*कधी मिळतात :* जूनचे पैसे जुलैच्या पगारात.

*परत कधी जातात :* चालू झाल्यापासून ९० दिवसांत ग्राहकानं बंद केलं किंवा दुसरं बिल भरलं नाही तर. ज्या दरानं मिळाले, त्याच दरानं जातात. जूनची स्लॅब बदलत नाही. उदाहरण : ४४ पैकी ५ बंद पडली, तर १,२५० रुपये कापले जातील आणि जूनचे ९,७५० रुपये उरतील.

*हिशोब पटला नाही तर :* कुणाकडे, किती दिवसांत आणि कुठला ग्राहक क्रमांक घेऊन जायचं.

*कधीपासून लागू :* तारीख, आणि मूळ योजनेचा आवृत्ती क्रमांक.

उदाहरणं निवडताना एक शून्याचं आणि एक वसुलीचं घेतलंच पाहिजे. फक्त पन्नासचं उदाहरण देऊन ‘महिन्याला १७,५०० पर्यंत कमवा’ लिहिलं की ते भरतीची जाहिरात होतं. शेवटच्या तारखेच्या ओळीलाही कारण आहे. योजना बदलत राहतात, आणि जुन्या पत्रकाचा फोटो टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फिरत राहतो. तारीख नसेल तर कुठलं पान खरं, हे कुणालाच सांगता येत नाही.

छापण्याआधी दोन चाचण्या कराव्यात. पहिली पेरोलशी. मागच्या काळातले तीन खरे हिशोब नाव आणि कर्मचारी क्रमांक काढून मागून घ्यायचे : एक २८ च्या खालचा, एक मधल्या स्लॅबचा आणि एक वसुली झालेला. केवळ पत्रक वाचून ते पुन्हा मांडायचे. उत्तर रुपयाला रुपया जुळलं पाहिजे. शंभर-दीडशेचा फरक आला तरी सोडून द्यायचा नाही, कारण तो एखाद्या कनेक्शनची तारीख, पूर्णांकाचा नियम किंवा न सांगितलेला अपवाद दाखवत असतो. वसुलीचा हिशोब जुळला नाही, तर कंपनी सांगते एक रीत आणि वापरते दुसरी, हे तिथेच उघडं पडतं.

दुसरी चाचणी फील्डवरच्या माणसांशी. योजना न पाहिलेल्या तीन-चार प्रतिनिधींना पत्रक, मोबाइलचा कॅल्क्युलेटर आणि एक काल्पनिक महिना द्यायचा : ४१ ऑर्डर, त्यातल्या दोन पुढच्या महिन्यात चालू झाल्या, आणि दोन महिन्यांपूर्वी २५० च्या दरानं पैसे मिळालेली तीन कनेक्शन बंद पडली. बरोबर उत्तर ३९ कनेक्शनचे ५,८५० वजा ७५०, म्हणजे ५,१०० रुपये. कुणी ९,५०० म्हणालं तर त्यानं ऑर्डर मोजल्या. तारखेची ओळ पुन्हा लिहायची. कुणी ५,४०० म्हणालं तर त्यानं बंद कनेक्शन या महिन्याच्या आकड्यातून वजा केली. वसुलीची ओळ पुन्हा लिहायची. चुकीचं उत्तर पानातला कच्चा भाग नेमका दाखवतं, म्हणून ‘समजलं का?’ असं विचारण्यापेक्षा गणित सोडवून घेणं उपयोगी पडतं.

ज्यांच्या हातात असं पत्रक अजून आलेलं नाही, त्या फील्डवरच्या मंडळींनी पुढच्या योजनेवर सही करण्याआधी आपल्या एरिया मॅनेजरला मेल करून तीन गोष्टी विचाराव्यात : कनेक्शन कुठल्या तारखेला मोजणार, उंबरा ओलांडल्यावर नवा दर सगळ्यांना की फक्त वरच्यांना, आणि पाच ग्राहक गेले तर नेमके किती रुपये कापणार. उत्तर तोंडी नको, आकड्यासकट आणि लेखी हवं, आणि तो मेल कंपनीबाहेरच्या स्वतःच्या खात्यावरही जपून ठेवावा, कारण कंपनीचा ईमेल नोकरी सोडल्याच्या दिवशीच बंद होतो आणि वसुली त्यानंतरही येऊ शकते.